काहिलीतला रस आटवायला किती उष्णता लागते आणि त्यासाठी जाळाला किती तळ दिसावा लागतो

उसाचा रस आटवण्यासाठी काहील करून घ्यायला निघालेला नवखा माणूस बहुधा पहिल्यांदा एकच विचारतो, ‘किती लिटरची घेऊ?’ लिटरवरून रस मावेल की उतू जाईल एवढेच कळते. तो किती वेळात आटेल, हे काहिलीच्या तळाचा किती भाग जाळाला दिसतो त्यावर ठरते, आणि तो भाग काढायचा तर आधी किती पाणी उडवायचे, त्याला किती उष्णता लागणार आणि ती तळातून कोणत्या वेगाने आत शिरू शकते, हे क्रमाने काढावे लागते. पुढे एकच उदाहरण घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत नेला आहे. आपल्या रसाचे आकडे त्यात घातले की आपली काहील मिळते.

उदाहरण असे: ३०० किलो गाळलेला रस, ब्रिक्स १८, तापमान २८ अंश सेल्सिअस. तो गुळाच्या टप्प्यापर्यंत न्यायचा आहे, म्हणजे शेवटी मालात सुमारे सहा टक्के पाणी उरेल. हे सारे रस काहिलीत ओतल्यापासून अडीच तासांत व्हावे, अशी अपेक्षा आहे.

आधी पाण्याचे वजन

ब्रिक्स म्हणजे रसाच्या शंभर भागांत विरघळलेल्या घन पदार्थांचे वजनाने किती भाग आहेत तो आकडा. १८ ब्रिक्सच्या ३०० किलो रसात ५४ किलो घन पदार्थ असतात. रस आटताना पाणी जाते आणि हे ५४ किलो तिथेच राहतात. मळीबरोबर थोडे निघून जातात, पण पहिल्या हिशेबात ते सोडून द्यायला हरकत नाही. शेवटी हे ५४ किलो मालाच्या ९४ टक्के असणार, म्हणून माल साधारण ५७ किलो निघेल आणि उरलेले सुमारे २४३ किलो पाणी वाफ होऊन जाईल. सूत्रच हवे असेल तर ते असे आहे:

उडवायचे पाणी = रसाचे वजन × (१ − सुरुवातीचा ब्रिक्स ÷ शेवटचा ब्रिक्स)

हे सूत्र मधल्या टप्प्यांनाही लावून पाहावे, कारण त्यातून एक गोष्ट लक्षात येते जी काहिलीकडे नुसते पाहून लक्षात येत नाही. ब्रिक्स १८ वरून ३६ वर जाईपर्यंत १५० किलो पाणी उडालेले असते. ३६ वरून ७२ वर जाताना आणखी ७५ किलो उडते. रस दाट होतो, रंग बदलतो, फेसाचे रूप बदलते आणि सगळ्यांचे लक्ष काहिलीकडे लागते तो ७२ ते ९४ हा टप्पा मात्र जेमतेम साडेसतरा किलो पाण्याचा आहे. म्हणजे उष्णतेचा मोठा खर्च सुरुवातीच्या पातळ, कंटाळवाण्या उकळीत होऊन जातो, आणि क्षेत्रफळही त्याच टप्प्यासाठी लागते.

म्हणूनच रसाचा ब्रिक्स अंदाजाने धरू नये; रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून तो मोजावा. रस १८ ऐवजी १६ ब्रिक्सचा निघाला तर दर किलो गुळामागे ४.२ किलोऐवजी जवळजवळ ४.९ किलो पाणी उडवावे लागते, आणि जळण व वेळ त्याच प्रमाणात वाढतात. रसाची टाकी विसळलेले पाणी ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून काहिलीत ओतण्याची सवयही अशीच महागात पडते. दहा लिटरची एक बादली ओतली की आपल्या या उदाहरणात सहा मिनिटे वाढली असे समजावे.

उष्णतेचे तीन खर्च

पहिला खर्च रस तापवण्याचा. शुद्ध पाणी एक किलो एक अंशाने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल लागतात. साखर मिसळली की हा आकडा उतरतो आणि १८ ब्रिक्सच्या रसाला तो सुमारे ३.७ धरता येतो. २८ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यासाठी ३०० × ३.७ × ७२, म्हणजे जवळपास ८०,००० किलोज्यूल, म्हणजेच ८० मेगाज्यूल लागतात.

दुसरा आणि खरा खर्च पाण्याची वाफ करण्याचा. १०० अंशांवरच्या एक किलो पाण्याची त्याच तापमानाला वाफ व्हायला २,२५७ किलोज्यूल लागतात. ही उष्णता थर्मामीटरवर कुठेच दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. २४३ किलोला ती सुमारे ५५० मेगाज्यूल होते. रस उकळायला लागला की अर्धे काम झाले असे वाटते, पण या हिशेबात उकळी फुटते तेव्हा जेमतेम आठवा भाग संपलेला असतो.

रस दाटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदूही चढतो. ७० ब्रिक्सच्या आसपास तो १०५ अंशांच्या थोडा वर असतो आणि गुळाच्या टप्प्याला ११८ च्या आसपास पोहोचतो. (हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, दर तीनशे मीटर उंचीला साधारण एक अंश वजा करावा.) तेवढे तापमान चढवायला लागणारी उष्णता किरकोळ आहे, कारण तोवर काहिलीत माल थोडाच उरलेला असतो. त्यामुळे ती वेगळी धरली नाही तरी चालते.

तिसरा खर्च म्हणजे काहिलीच्या उघड्या भिंतींतून आणि काठातून हवेत जाणारी उष्णता. ती वाऱ्यावर अवलंबून असते. पहिल्या हिशेबात दहा टक्के धरावी. म्हणजे ८० आणि ५५० मिळून ६३०, आणि त्यावर दहा टक्के धरून सुमारे ६९३ मेगाज्यूल. एवढी उष्णता तळातून आत यायला हवी. अडीच तास म्हणजे ९,००० सेकंद. भागाकार केला की ७७ किलोवॅट येतात. इथून पुढे याच आकड्यावर काम करायचे.

जाता जाता एक सांगतो. काहिलीवर पंख्याने वारा घातला की पाणी लवकर उडेल, असे काही जण समजतात. रस कोमट असताना वाऱ्याने वाफ वाढते हे खरे. पण उकळी फुटल्यावर वाफ किती होणार हे खालून येणारी उष्णता ठरवते आणि पंखा फक्त भिंती थंड करतो.

उष्णता अडते कुठे

जाळातली उष्णता रसापर्यंत पोहोचताना तीन थर ओलांडते: तळाखालच्या गरम वायूचा, पत्र्याचा आणि पत्र्याला लागून असलेल्या रसाचा. प्रत्येक थर ओलांडताना तापमान उतरते, आणि जिथे ते जास्त उतरते तिथे अडथळा मोठा. तळाखालचे वायू सरासरी ७०० अंशांवर आहेत आणि रस १०० वर उकळतो आहे असे धरा. मधल्या या ६०० अंशांपैकी साधारण ५९० अंश एकट्या वायूच्या थरात उतरतात. तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्यात दोन अंशही उतरत नाहीत. जोरात उकळणाऱ्या पातळ रसाच्या थरात सात-आठ अंश उतरतात.

यातून निघणारे निष्कर्ष नवख्या माणसाच्या अपेक्षेच्या उलट असतात. लोखंडाऐवजी तांबे घेतले तर पत्र्यातला दीड अंश वाचतो, म्हणजे सहाशेतला दीड. रस त्याने लवकर आटत नाही. पत्रा तीनचा घेतला काय किंवा पाचचा घेतला काय, वेळेत फरक पडत नाही. जाडी ठरवायची ती तळ वाकू नये, लवकर झिजू नये आणि उष्णता थोडी सारखी पसरावी यासाठी. रसाच्या बाजूने काहीही केले, ढवळले, तळ घासून चकचकीत केला, तरी सुरुवातीच्या उकळीचा वेग वाढत नाही. वेग वाढवायचा असेल तर जाळाच्या बाजूला काहीतरी करावे लागते: वायू अधिक गरम, ज्वाला अधिक तेजस्वी, किंवा त्यांना दिसणारा पृष्ठभाग अधिक.

तळाला खालून उभ्या पट्ट्या वेल्डिंग करून लावण्याची युक्ती उपयोगी पडते ती याच कारणाने. पट्ट्या जाळात राहतात, वायूंतून उष्णता ओढतात आणि पत्र्याला देतात. त्याच पट्ट्या वरून, रसाच्या बाजूला लावल्या असत्या तर काहीच हाती लागले नसते. मात्र पट्ट्यांच्या फटींत राख आणि काजळी बसते. त्या साफ करता येतील अशी सोय नसेल तर सुरुवातीला साधा तळच बरा.

क्षेत्रफळ

आता एक चौरस मीटर तळातून किती किलोवॅट आत जातात ते हवे. चुलवणात ज्वालेच्या थेट वर, जिथे वायूंच्या उष्णतेबरोबर ज्वालेचे आणि तापलेल्या भिंतींचे प्रारणही तळावर पडते, तिथे चौरस मीटरला ४० किलोवॅट किंवा त्याहून अधिक ओघ मिळू शकतो. कडेला, जिथे नुसते वायू घासून जातात, तिथे तो दहापर्यंत उतरतो. चिपाडे किंवा लाकूड जाळणाऱ्या चांगल्या चुलवणावरच्या सपाट तळाला सरासरी २५ किलोवॅट धरून सुरुवात करावी. २५ किलोवॅट म्हणजे तासाला दर चौरस मीटरमागे सुमारे ४० किलो पाण्याची वाफ.

७७ भागिले २५ म्हणजे जवळपास ३.०८ चौरस मीटर. याचे वर्तुळ केले तर व्यास १.९८ मीटर येतो.

मी पहिली काहील करून घेतली तेव्हा इथेच थांबलो आणि दोन मीटर व्यासाचा तळ सांगितला. काहील चुलवणावर बसली, जाळ लागला, रस ठरल्याप्रमाणे उकळू लागला. पण अडीच तासांचे काम पावणेतीन तास उलटले तरी संपेना. दोन दिवस मी चिपाडे ओली असतील म्हणून ती चाचपत राहिलो. खरे कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काहील उतरवून उलटी टाकली तेव्हा दिसले. तळावर काळ्या काजळीचे मोठे वर्तुळ होते आणि त्याभोवती आठ सेंटीमीटर रुंदीचा स्वच्छ, नुसता मातीने माखलेला पट्टा होता. तो पट्टा चुलवणाच्या काठावर टेकत होता. त्याला जाळ कधी दिसलाच नव्हता. दोन मीटरच्या तळाला प्रत्यक्षात १.८४ मीटरचेच वर्तुळ जाळासमोर होते, आणि त्याचे क्षेत्रफळ ३.१४ नव्हे, २.६६ चौरस मीटर होते. कडेची आठ सेंटीमीटर म्हणजे पंधरा टक्के क्षेत्रफळ गेले होते, आणि पंचवीस मिनिटांचा उशीर त्यातूनच होत होता.

म्हणून काढलेल्या व्यासात टेकण्याची रुंदी दोन्ही बाजूंनी मिळवायची: १.९८ अधिक ०.१६, म्हणजे २.१४ मीटर. हा तळाचा व्यास झाला. वरच्या तोंडाचा घेर कितीही पसरट असला तरी तो या हिशेबात येत नाही. या तळावर ३०० किलो रस सुरुवातीला जेमतेम आठ सेंटीमीटर खोल राहील. खोली कमी दिसते म्हणून भिंती बुटक्या करू नयेत, कारण फेस या पातळीच्या कितीतरी पट वर चढतो. चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर उंची असावी.

काहील उलटी न करताही जाळ कुठे पोहोचतो हे उकळीवरून वाचता येते. जिथे खालून जोर आहे तिथे रस उसळून वर येतो आणि फेस व मळी थंड बाजूकडे ढकलली जाते. मधोमध उसळी आणि सभोवार मळीचे सारख्या रुंदीचे कडे, अशी उकळी असेल तर चुलवण ठीक आहे, आणि मळी काढायलाही ते सोयीचे. कडे एका बाजूला हातभर आणि दुसऱ्या बाजूला नाहीसे झालेले दिसले, तर ज्वाला धुराड्याकडे ओढली जाते आहे आणि उरलेला तळ फुकट पडून आहे.

साध्या पाण्याची चाचणी

२५ किलोवॅट हा सुरुवातीचा अंदाज आहे. आपल्या चुलवणाचा खरा आकडा एका दुपारी, रस न वापरता, काढता येतो. मुख्य अडथळा वायूच्या बाजूला असल्यामुळे वर पाणी आहे की पातळ रस, याने फारसा फरक पडत नाही, म्हणून ही चाचणी विश्वासार्ह ठरते.

काहिलीत बारा सेंटीमीटर पाणी भरावे आणि नेहमीच्या जळणाने, नेहमीच्या हाताने जाळ लावावा. पाणी सगळीकडे खळखळून उकळू लागले की जाळ क्षणभर दाबून, पृष्ठभाग शांत झाल्यावर धातूची पट्टी उभी धरून खोली मोजावी आणि घड्याळ पाहावे. त्यानंतर तासभर मध्ये पाणी न घालता, मोजून घेतलेले जळण सारख्या वेळाने टाकत राहावे आणि पुन्हा तशीच खोली मोजावी. पट्टी दोन्ही वेळा एकाच जागी टेकवावी, कारण तळ नवा असला तरी पूर्ण सपाट नसतो.

समजा तासात पाणी ३५ मिलिमीटर उतरले. भिंती सरळ असतील तर २.१४ मीटर व्यासाच्या पाण्याचा पृष्ठभाग ३.६ चौरस मीटर असतो, त्याला ०.०३५ मीटरने गुणले की ०.१२६ घनमीटर, म्हणजे १२६ लिटर पाणी गेले. उकळत्या पाण्याचा लिटर ०.९५८ किलो भरतो, म्हणून ते सुमारे १२१ किलो झाले. याला जाळाला दिसणाऱ्या ३.०८ चौरस मीटरने भागले की तासाला ३९ किलो येतात, आणि त्याला ०.६२७ ने गुणले की चौरस मीटरला साडेचोवीस किलोवॅट. अंदाज जुळला. हाच आकडा अठरा आला असता, तर काहील तेवढ्याच प्रमाणात मोठी करण्याआधी चुलवण तपासायला हवे होते.

तपासण्यासारख्या गोष्टी दोनच आहेत असे माझे मत झाले आहे. पहिली म्हणजे जळण. या उदाहरणाला ६३० मेगाज्यूल रसात जायला हवेत, आणि साध्या चुलवणात जळणाच्या उष्णतेचा पाव भाग रसाला मिळाला तरी बरे म्हणायचे. म्हणजे सुमारे २,५०० मेगाज्यूलचे जळण लागेल. उन्हात चांगली वाळलेली चिपाडे किलोला पंधरा-सोळा मेगाज्यूल देतात, म्हणून ती १६० किलोच्या आसपास लागतील, म्हणजे मिनिटाला एक किलोहून थोडी जास्त. चरकातून नुकती निघालेली, निम्मे पाणी असलेली चिपाडे किलोला याच्या निम्मीच उष्णता देतात. तेवढ्यावर ती दुप्पट टाकून काम भागत नाही, कारण त्यांतल्या पाण्याची वाफ ज्वालाच थंड करते आणि तळातून जाणारा ओघ उतरतो.

दुसरी म्हणजे तळाची काजळी. एक मिलिमीटर काजळीचा थर उष्णतेला इतका अडवतो की ओघ पाव ते एक तृतीयांशाने घटतो. एवढ्या थराने तळ नुसता काळा दिसतो, जाड वाटत नाही. पण नखाने खरवडले तर पापुद्रा निघतो. धुराड्यातून काळा धूर येत असेल तर काजळी बसते आहे असे समजावे. बहुतेक वेळा जाळी काहिलीच्या फार जवळ असते, आणि ज्वाला पुरी जळण्याआधीच थंड तळाला आपटून विझते. नाहीतर एका वेळी खूप जळण कोंबून हवा अडवलेली असते. तेच जळण थोडे थोडे, वरचेवर टाकले की धूर विरळ होतो.

शेवटची साडेसतरा किलो

आतापर्यंत रसाच्या बाजूचा थर नगण्य मानला. शेवटी मात्र तोच धोक्याचा ठरतो. तळातून किती उष्णता यायची हे जाळ ठरवतो, आणि पत्रा किती तापायचा हे रस ठरवतो. पातळ रस उसळत असताना २५ किलोवॅट उचलून न्यायला पत्रा रसापेक्षा आठेक अंश गरम असला की पुरते. रस दाट आणि चिकट झाला की त्याची उष्णता उचलण्याची ताकद दहाव्या हिश्शापर्यंत उतरू शकते. जाळाला याची काही खबर नसते. तो तेवढेच २५ किलोवॅट देत राहतो, आणि ते आत ढकलण्यासाठी पत्रा रसापेक्षा सत्तर-ऐंशी अंशांनी तापतो. रस ११५ वर असेल तर पत्रा १९० च्या आसपास जातो. साखर त्याच्या बरीच आधी करपायला लागते.

थर्मामीटर रसात बुडवलेला असतो, म्हणून तो हे दाखवत नाही. नाक दाखवते. काहिलीवरच्या वाफेच्या गोड वासात एक कडवट झाक येते आणि फावडे तळावर घासले की गुळगुळीत सरकण्याऐवजी खरखर लागते. तोवर करपलेले कण मालात मिसळलेले असतात. तळाला आतून बसलेला खडूसारखा थरही याच टप्प्याला नडतो. तो आटण्याचा वेग कमी करत नाही म्हणून कोणी त्याची दखल घेत नाही, पण एक मिलिमीटर थरामागे पत्रा आणखी वीस-पंचवीस अंशांनी तापतो. थोडक्यात, बाहेरची काजळी जळण खाते आणि आतला थर माल करपवतो.

उपाय म्हणून ब्रिक्स ७२ च्या आसपास, म्हणजे रस १०६ अंशांवर आला की जळण टाकणे थांबवावे आणि पुढे ओघ एक तृतीयांशाच्या आसपास राहील इतपतच जाळ ठेवावा. ‘आता जाळ कमी करा’ असे ११२ वर सांगून उपयोग नसतो. चिपाडे लगेच विझतात, पण चुलवणाच्या भिंती लाल राहतात आणि कितीतरी वेळ तळाला तापवत राहतात. ढवळणेही याच टप्प्याला कामाचे, कारण त्याने पत्र्यालगतचा तापलेला थर हलतो.

मंद जाळाचा वेळ मात्र हिशेबात धरायला हवा. साडेसतरा किलो पाण्याला सुमारे ४० मेगाज्यूल लागतात. पूर्ण जाळावर ते आठ-नऊ मिनिटांचे काम. एक तृतीयांश जाळावर पंचवीस मिनिटांच्या आसपास. म्हणजे अडीच तासांवर पाव तास वाढतो, आणि तो काहील मोठी करून वाचवता येत नाही. उलट २.१४ मीटरच्या सपाट तळावर शेवटचा ५७ किलो माल एक-दीड सेंटीमीटरही खोल भरत नाही, म्हणून तळ मधोमध थोडा खोलगट ठेवतात, जेणेकरून माल कडेला कोरडा पडत नाही.

माझ्या दोन मीटरच्या काहिलीचे काय झाले

ती मी बदलली नाही. तळाखालून धुराड्याकडे जाणारे वायू अजून चांगलेच गरम होते, म्हणून त्या वाटेवर एक छोटी चौकोनी काहील बसवली आणि पुढच्या घाण्याचा रस तिच्यात तापायला ठेवू लागलो. या जागी ज्वाला नसते, नुसते वायू असतात, त्यामुळे चौरस मीटरला आठ किलोवॅटच धरावे. रस तापवण्याचे ८० मेगाज्यूल अडीच तासांत द्यायचे म्हणजे नऊ किलोवॅट, आणि त्याला १.१ चौरस मीटर तळ पुरला. मोठ्या काहिलीवर मग वाफ करण्याचेच काम उरले: ५५० अधिक दहा टक्के, म्हणजे सुमारे ६०५ मेगाज्यूल. २.६६ चौरस मीटरमधून ते अडीच तासांत बसतात.

दोन पथ्ये पाळावी लागतात. वायू फार थंड केले तर धुराड्याची ओढ मंदावते आणि धूर चुलवणाच्या तोंडातून बाहेर येऊ लागतो, म्हणून दुसरी काहील याहून मोठी करण्याच्या मोहात पडू नये. आणि उसाचा रस किंचित आंबट असल्यामुळे तो गरम अवस्थेत ताटकळत ठेवला तर त्यातली साखर फुटू लागते आणि गूळ नीट धरत नाही. म्हणून छोट्या काहिलीत एका घाण्यापुरताच रस असावा आणि मोठी मोकळी होताच तो पुढे जावा. दिवसाच्या पहिल्या काहिलीला अर्थातच हा फायदा मिळत नाही, ती अजूनही पंचवीस मिनिटे उशिरा उतरते.